तिघांनी पाहिलं होतं

आप्पा त्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता सापडले. घरापासून जेमतेम सव्वा किलोमीटरवर, एका तारेच्या कुंपणाच्या कोपऱ्यात. पुढे वाट नव्हती आणि मागे वळायचं सुचलं नव्हतं, म्हणून तार धरून उभे होते. पायात चप्पल होती, शर्टाची बटणं नीट लावलेली होती, कोपराला एक ओरखडा सोडला तर कुठे काही लागलेलं नव्हतं. घरच्यांचा जीव भांड्यात पडला. पण रात्री विचारपूस करताना कळलं की वाटेत त्यांना तिघांनी पाहिलं होतं. एकाने तर थांबून विचारलं होतं, "काय आप्पा, फिरायला का?" आणि आप्पांनी हसून हात वर करत म्हटलं होतं, "हो, जरा जाऊन येतो." तिघांनाही त्यांच्या आजाराची कल्पना होती. तिघांनाही काही खटकलं नाही.

ते हसून हात वर करणं मनातून जात नाही. स्मृतिभ्रंशात काय जातं आणि काय राहतं, याचा हिशेब बाहेरून दिसतो तसा नसतो. चालणं, चप्पल घालणं, कडी काढणं, ओळखीच्या माणसाला हसून उत्तर देणं या गोष्टी आयुष्यभर हजारो वेळा केलेल्या असतात आणि त्या आठवणींचा मुक्काम मेंदूत वेगळ्या जागी असतो. तिथवर आजार उशिरा पोचतो. वाटा ओळखणारा भाग मात्र अल्झायमरच्या तावडीत फार लवकर सापडतो. आपण कुठे आहोत याचा मेंदूतला नकाशा ज्या पेशी बनवतात, त्यांच्या शोधाला २०१४ साली नोबेल मिळालं. त्यातल्या काही पेशी मेंदूच्या नेमक्या त्याच पट्ट्यात आहेत, जिथे या आजाराची पहिली पडझड होते. म्हणजे पाय शाबूत, जीभ शाबूत, आणि नकाशा फाटलेला. असा माणूस रस्त्यावरून जाताना हरवलेला दिसतच नाही. तो कामाला निघालेल्या माणसासारखा दिसतो.

आणि बहुतेक वेळा तो खरंच कामाला निघालेला असतो.

'भटकणं' हा शब्द म्हणूनच फसवा आहे. भटकणाऱ्याला दिशा नसते असं आपण धरून चालतो, आणि एकदा दिशा नाही असं ठरवलं की उपाय एकच उरतो, दाराला कुलूप. अमेरिकेतल्या अल्झायमर्स असोसिएशनच्या अंदाजाप्रमाणे स्मृतिभ्रंश झालेल्या दर दहा माणसांतली सहा कधी ना कधी अशी निघून जातात. इतक्या माणसांचं निघून जाणं बिनकारणाचं असेल, हे पटण्यासारखं नाही. कुणाला लघवीची घाई असते आणि दार सापडत नाही. कुणाचा गुडघा दुखत असतो आणि बसवत नाही. कुणी भुकेलेलं असतं, कुणी कंटाळलेलं, कुणी लहानपणच्या घरी आई वाट बघतेय म्हणून निघालेलं. कारण सांगण्याची भाषा गेलेली असते, कारण गेलेलं नसतं. काळजीची योजना बनवायची म्हणजे आधी ते कारण शोधायचं. कडी-कुलूप त्यानंतर.

आप्पांच्या घरी सुरुवात झाली ती शंभर पानी वहीपासून. सलग १४ दिवस, आप्पा दाराकडे गेले किंवा बेचैन होऊन घरात फेऱ्या घालायला लागले की तेवढं लिहायचं. किती वाजता. त्याआधीच्या अर्ध्या तासात घरात काय चाललं होतं. आप्पा काय म्हणाले, हात कुठे लावत होते. किती वेळ चाललं. आणि कशाने थांबलं. शेवटचा रकाना लोक हमखास विसरतात, खरं तर पुढच्या योजनेचं निम्मं काम तोच करतो. वहीत मतं लिहायची नाहीत, पाहिलेलं लिहायचं. "आज फार त्रास दिला" या वाक्यातून काहीही कळत नाही. "४.१०, पट्ट्याशी चाळा, कपाट उघडलं, मग मधली खोली, मग मुख्य दार" यातून सगळं कळतं. लिहिणाऱ्याचा राग, थकवा वहीत उतरतोच, तो उतरू द्यावा, पण वेगळ्या पानावर.

मुलाचं मत आधीपासून पक्कं होतं. आप्पा छापखान्यात होते, दुसरी पाळी पाचला लागायची, तेव्हा ते कामाला निघतात. म्हणून घरात रोज एकच संवाद चालायचा. "आप्पा, तुम्ही रिटायर होऊन १८ वर्षं झाली." त्यावर आप्पा आधी गोंधळायचे आणि मग चिडायचे. वहीत १४ दिवसांत २२ नोंदी झाल्या. त्यातल्या १३ दुपारी चार ते साडेपाचच्या, ५ सकाळी सात-साडेसातच्या, आणि ४ रात्री दोन ते चारमधल्या. पहिल्या आठवड्यानंतर सुनेच्या मनात काहीतरी आलं आणि तिने एक रकाना वाढवला, आप्पा शेवटचे लघवीला कधी गेले. दुसऱ्या आठवड्यात दुपारच्या ७ नोंदी होत्या. त्यातल्या ६ वेळा आप्पा जेवणानंतर एकदाही गेलेले नव्हते, आणि तीनला त्यांचा मोठा कप चहा झालेला होता.

मग घराकडे नव्याने पाहिलं गेलं. संडासाचं दार पांढरं, भिंत पांढरी, दार कायम लोटलेलं. बोळाच्या टोकाला मुख्य दार मात्र गडद रंगाचं, मोठं, वरच्या काचेतून उजेड येणारं. घाई लागलेल्या, आणि घराचा नकाशा पुसला गेलेल्या माणसाला त्या घरात दार म्हणून दिसत होतं ते एकच. ते उघडलं की समोर रस्ता, आणि रस्ता एकदा समोर आला की पाय आपोआप चालतात. आपण कशासाठी उठलो होतो हे तिसऱ्या पावलाला विसरलेलं असतं. मुलाचं म्हणणं पूर्ण चुकीचं होतं असंही नाही. रस्त्यावर आल्यावर त्यांना छापखाना आठवत असेल. पण निघायला लावत होती ती लघवी.

उपाय साधे होते, पण प्रत्येकात एक बारकावा होता. संडासाचं दार पूर्ण उघडं ठेवायचं, दिवसरात्र, कारण समोर भांडं दिसलं की ते कशासाठी आहे हे मेंदूला आठवावं लागत नाही. वास येतो म्हणून दार लोटायची घरातल्या सगळ्यांची सवय मोडायला आठवडा गेला. चौकटीला गडद निळी पट्टी, भांड्याच्या बैठकीलाही गडद रंग, कारण पांढऱ्या फरशीवर पांढरं भांडं म्हाताऱ्या डोळ्यांना वेगळं दिसत नाही. दाराजवळ एक चित्र आणि खाली मोठ्या अक्षरात एक शब्द. हा कागद लोक आपल्या डोळ्यांच्या उंचीवर लावतात. वाकून, जमिनीकडे बघत चालणाऱ्या माणसाला तो दिसत नाही. लावण्याआधी त्याच्याबरोबर चालून त्याची नजर कुठे पडते ते बघावं. रात्रीसाठी पलंगापासून संडासापर्यंत जमिनीलगत मंद दिवे, आणि मुख्य दाराकडे अंधार. आणि दर दोन तासांनी, शिवाय चहाच्या आधी आणि नंतर, त्यांना घेऊन जायचं. "जायचंय का?" असं विचारायचं नाही. उत्तर नेहमी नाही असंच येतं. त्यात खोटेपणा नसतो, प्रश्न आणि पोटातली कळ यांची सांगडच बसत नाही. हात पुढे करून नुसतं "चला" म्हणायचं.

पाणी मात्र कमी करायचं नाही. बऱ्याच घरांत हे पहिलं सुचतं आणि ते घातक ठरतं. पाणी कमी पडलं की बद्धकोष्ठ, लघवीत जंतुसंसर्ग आणि त्यातून गोंधळ आणखी वाढतो. पाण्याचा मोठा वाटा सकाळ ते दुपार या वेळेत सरकवायचा, एवढंच. पुढच्या १४ दिवसांच्या वहीत दुपारच्या नोंदी १३ वरून ४ वर आल्या.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. महिनोन्‌महिने हळूहळू वाढत गेलेली बेचैनी आणि दोन-तीन दिवसांत अचानक उसळलेली बेचैनी या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी दिसली तर वही बाजूला ठेवून आधी डॉक्टर. लघवीतला संसर्ग, साचलेला मळ, कुठलं तरी दुखणं, पडून झालेली न कळलेली इजा किंवा नव्याने सुरू झालेलं औषध, यांपैकी काहीतरी असण्याची शक्यता मोठी असते. निघून जाणं थांबवणारं भरवशाचं औषध नाही. शांत करण्यासाठी दिली जाणारी काही मनोविकाराची औषधं उलट पायांत अशी काही बेचैनी आणतात की माणसाला एका जागी बसवतच नाही. शिवाय स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांमध्ये या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ सालीच दिला आहे. झोपेच्या गोळीने माणूस झोपतो असं नाही, अर्धवट झोपेत उठतो आणि पडतो. डॉक्टरांकडे जाताना ती वही आणि सगळ्या औषधांच्या पट्ट्या बरोबर न्याव्यात. "रात्री फिरतात" या दोन शब्दांवर मिळणारं औषध आणि वही बघून मिळणारं औषध यांत फरक पडतो.

सकाळच्या पाच नोंदींचं गुपित दाराशीच सापडलं. सात वाजता मुलगा आणि नात निघायचे. बूट घालायला वाकणं, किल्ल्यांचा आवाज, खांद्याला बॅग, "येते हं आजोबा" अशी हाक. हे सगळं आप्पांच्या डोळ्यांसमोर, आणि दहा मिनिटांत आप्पा चप्पल शोधायला लागायचे. सगळे निघालेत म्हणजे आपणही निघायचं, यात न समजण्यासारखं काय आहे? मग बूट, बॅगा, किल्ल्या आतल्या खोलीतल्या कपाटात गेल्या. निघायच्या वेळी आप्पा मागच्या खोलीत नाश्त्याला असतील असं वेळापत्रक बसवलं. नातीला निरोप न घेता जाणं फार लागलं. ती म्हणाली, मी चोरासारखी घरातून पळते. तिच्यासाठी तोड निघाली ती अशी की निरोप नाश्त्याच्या ताटाजवळ घ्यायचा, गळ्यात पडून, बूट न घालता. आजोबांना तो निरोप वाटत नाही, नातीला मात्र वाटतो.

आता दार. ते शेवटी का, हे इतक्यात लक्षात आलं असेल. दुपारची कारणं तशीच ठेवून नुसतं कुलूप लावलं असतं, तर आप्पा दारावर हात आपटत राहिले असते आणि तिथेच कपडे ओले झाले असते. पण कारणं शोधूनही काही नोंदी उरतात, विशेषतः रात्रीच्या, आणि त्यांच्यासाठी दाराचा बंदोबस्त लागतोच. नवी कडी नेहमीच्या नजरेच्या टप्प्याबाहेर बसवतात, दाराच्या अगदी वर किंवा अगदी खाली, दाराच्याच रंगात. नवीन गोष्ट शिकणं या आजारात अवघड होतं, त्यामुळे हात जुन्याच कडीकडे जातो. पण घरातल्या प्रत्येकाने, अंधारात, डोळे मिटून ती कडी उघडून बघायला हवी. आग लागली तर तीच कडी सगळ्यांचा रस्ता अडवते. आणि माणसाला एकट्याला आत कोंडून बाहेर जायचं नाही, पाच मिनिटंसुद्धा नाही.

कडीच्या जोडीला दाराचा घंटीवाला सेन्सर. त्याचे दोन तुकडे असतात, एक चौकटीवर, एक दारावर, त्यातल्या एकात चुंबक. दोन्हींमधलं अंतर दार बंद असताना साधारण सेंटीमीटरभर ठेवतात. जास्त ठेवलं तर वाऱ्यानेही वाजतो, आणि उगाच वाजणारी घंटा आठवड्याभरात कुणीतरी बंद करून टाकतं. फसतो तो असाच, यंत्र बिघडून क्वचितच. म्हणून येण्या-जाण्याच्या गर्दीच्या वेळी कोण लक्ष ठेवणार ते ठरवून तेवढ्यापुरती घंटा बंद ठेवायची आणि सुरू करायची जबाबदारी एकाच माणसावर टाकायची. घंटा दाराशी वाजू नये, सांभाळणाऱ्याच्या उशाशी वाजावी. दाराशी कर्कश भोंगा वाजला की घाबरलेला माणूस बाहेरच्या बाजूलाच पळतो.

दारासमोर काळी सतरंजी टाका म्हणजे त्यांना खड्डा वाटेल आणि ते थांबतील, असाही सल्ला दिला जातो. काहींच्या बाबतीत तसं होतंही, कारण खोलीचा अंदाज डोळ्यांना लागेनासा होतो. पण त्यामागचा पुरावा तोकडा आहे, आणि खड्डा दिसला म्हणून प्रत्येक जण थांबतोच असं नाही. कुणी तो ओलांडायला उडी मारतं. शिवाय स्वतःच्या घरात रोज खड्ड्यासमोर उभं राहायला लावणं मनाला पटत नाही. दारावर भिंतीच्या रंगाचा पडदा हे त्यापेक्षा सौम्य आहे. आप्पांच्या घरी पडदाच लावला. तो पुरेसा ठरला नाही, पण त्याने पाच-सहा मिनिटं मिळतात, आणि घंटा ऐकून उठून यायला तेवढी लागतात.

एवढं करूनही माणूस दाराशी उभा असतोच. हात कडीवर, चेहऱ्यावर घाई. तेव्हा काय करायचं, हे ऐनवेळी सुचत नाही, आधी ठरवून ठेवावं लागतं. मागून जाऊन दंड धरायचा नाही. मागून धरणारा हात कुणाचा आहे हे त्यांना कळत नाही, आणि आपणही तशा वेळी झटका देऊन सुटायचाच प्रयत्न करू. समोरून, बाजूला सरकून, त्यांच्या नजरेच्या पातळीवर यायचं. "घरी जायचंय" असं ते स्वतःच्या घरात उभं राहून म्हणाले, तर "हेच घर आहे" हे खरं उत्तर असूनही कामाचं नाही. त्या वाक्यात पत्ता नसतो. सुरक्षित वाटत नाहीये, एवढाच त्याचा अर्थ असतो. "घराची आठवण येतेय ना? चला, मी येते बरोबर" म्हणून खरंच चप्पल घालून निघायचं. शे-दोनशे पावलांनंतर घाई ओसरते. मग परत फिरवायचं नाही, वळसा घ्यायचा. एकशे ऐंशी अंशात वळवलं की पुन्हा अडवल्यासारखं वाटतं. चौकोनी वाट धरून एकाच बाजूला वळत राहिलं की घर पुढ्यात येतं, आणि ते आपण होऊन आल्यासारखं येतं. दुपारची वेळ जोखमीची हे वहीतून कळल्यावर आप्पांच्या घरी साडेतीनलाच असा अर्ध्या तासाचा फेरफटका रोजचा झाला. चालायची गरज भागली की दाराची ओढ कमी होते.

यंत्रांविषयी थोडक्यात. जीपीएसचं घड्याळ किंवा बुटाच्या तळव्यातलं यंत्र शोधायला मदत करतं, निघून जाणं थांबवत नाही. त्याला रोजचं चार्जिंग लागतं, मोबाइलचं नेटवर्क लागतं, इमारतीत शिरल्यावर ठिकाण धूसर होतं आणि हद्द ओलांडल्याचा इशारा काही मिनिटं उशिरा येऊ शकतो. नवीन घड्याळ हाताला टोचतं म्हणून काढून टाकलं जातं. जुन्या घड्याळाच्या जागी, त्याच मनगटावर, रोज सकाळी तेच करायचं काम म्हणून बांधलं तर टिकतं. आणि शक्य असेल तर हे आजाराच्या सुरुवातीलाच, त्या माणसाला विचारून ठरवावं. ज्याला आपलं मत सांगता येतं अशा काळात "मी कुठे आहे हे मुलीला दिसलं तर चालेल" असं तो स्वतः म्हणाला असेल, तर पुढे ते घड्याळ बांधणाऱ्याच्या मनावरचं ओझं बरंच हलकं होतं.

शोधाची तयारी माणूस घरात असतानाच करायची असते. ब्रिटनमध्ये पोलिसांनी यासाठी एक फॉर्म तयार केला आहे, हर्बर्ट प्रोटोकॉल नावाचा. जॉर्ज हर्बर्ट हे नॉर्मंडीच्या लढाईतले सैनिक. म्हातारपणी स्मृतिभ्रंश झाला आणि लहानपणचं घर शोधायला निघालेले असताना ते गेले. त्यांच्या नावाचा हा कागद घरच्यांनी आधी भरून ठेवायचा आणि माणूस दिसेनासा झाला की पोलिसांच्या हातात द्यायचा. असा एक कागद कुठल्याही घरात करता येतो. अलीकडचा फोटो, उंची, अंगावरची खूण, औषधं आणि कुठली चुकली तर धोका. कुठला हात चालतो. आजवरचे सगळे पत्ते, लहानपणचे धरून. कामाची जागा, तिथे जायचा जुना रस्ता. कुठल्या हाकेला ओ देतात. कशाला घाबरतात. आप्पांच्या कागदावर सगळ्यात उपयोगी ठरलेली ओळ नातीने लिहिली होती, 'आप्पा म्हटलं तर कधीकधी बघत नाहीत, मास्तर म्हटलं की थांबतात.' छापखान्यात त्यांना तसं म्हणत. कागदाबरोबर रोजचं एक काम, सकाळी कपडे घातल्यावर मोबाइलवर एक फोटो. घाबरलेल्या माणसाला शर्टाचा रंग कधीच आठवत नाही.

आणि प्रत्यक्ष ती वेळ आली तर घड्याळ बघायचं. आधी घरातच, कारण माणूस कित्येकदा आतच असतो, न्हाणीघरात, कपाटामागे, जिन्याखाली, गच्चीवर, उभ्या गाडीत. हाकेला ओ येत नाही म्हणून नाही असं धरायचं नाही. हरवलेला स्मृतिभ्रंशाचा माणूस बहुधा ओरडत नाही, मदत मागत नाही, आपल्याला शोधत असलेल्यांना उत्तरही देत नाही. डोळ्यांनीच बघावं लागतं. १५ मिनिटांत सापडला नाही तर पोलिसांना फोन. चोवीस तास थांबावं लागतं ही समजूत साफ चुकीची आहे आणि तिने जीव गेले आहेत. एक जण घरीच, फोनजवळ, कारण माणूस स्वतःहून परत येऊ शकतो. बाकीचे बाहेर. चालत्या हाताच्या बाजूने वळण्याकडे कल असतो, म्हणून उजव्या हाताने काम करणाऱ्यासाठी आधी उजवीकडच्या वाटा, मग जुन्या पत्त्याच्या दिशेच्या. बहुतेक जण दोन-अडीच किलोमीटरच्या आत सापडतात, पण रस्त्यावर नाही. ते अडकेपर्यंत चालतात. म्हणून झुडपं, नाले, कुंपणांचे कोपरे, बांधकामांच्या मागच्या बाजू बघाव्या लागतात, आणि जवळ पाणी असेल तर सगळ्यात आधी पाणी. आप्पा कुंपणाच्या कोपऱ्यात उभे होते ते अपघाताने नव्हे. अडकायची जागा तशीच असते.

सापडल्यावर रागवायचं नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि तरी तोंडून निघून जातं. भीती बाहेर पडायला तीच वाट असते. पाणी द्यावं, तळपाय बघावेत, डोक्याला मार नाही ना ते बघावं, अंग तापलंय की गार पडलंय ते बघावं. कुठे गेला होता, हे त्यांना विचारू नये. ते त्यांना सांगता येणार नाही, आणि आपण काहीतरी वाईट केलं एवढंच मागे उरेल.

घरच्यांची बैठक झाली तेव्हा कामं वाटली गेली. रात्र कुणाची, दुपारचा फेरफटका कुणाचा, घंटीच्या बॅटऱ्या दर एक तारखेला कोण तपासणार, कागद दर सहा महिन्यांनी कोण नवा करणार. सुनेने त्यात एक अट घातली, आठवड्यात दोन रात्री ती दुसऱ्या खोलीत, दार लावून झोपणार. काहींच्या कपाळावर आठ्या आल्या. पण रात्री तीनदा उठणारं माणूस दिवसा घंटा ऐकू शकत नाही, हे वहीतच दिसत होतं. ज्या दोन वेळा आप्पा उंबऱ्याबाहेर गेले, त्या दोन्ही जागरणाच्या दुसऱ्या दिवशीच्या होत्या.

त्याच बैठकीत सगळ्यात साधी आणि बहुधा सगळ्यात उपयोगी गोष्ट ठरली. पहिल्या दिवशी आप्पा निघाले तेव्हा घरात तीन माणसं होती. प्रत्येकाला वाटत होतं की दुसऱ्याचं लक्ष आहे. एकटीच सून घरी असती तर कदाचित ते घडलंही नसतं. म्हणून ठरलं की लक्ष ठेवण्याचं काम तोंडाने द्यायचं आणि तोंडाने घ्यायचं. "आता आप्पा तुझ्याकडे." समोरच्याने "माझ्याकडे" असं म्हटल्याशिवाय पहिल्याने जागा सोडायची नाही. आंघोळीला जाताना, फोन आला तर, दारावर कुणी आलं तर. पहिले काही दिवस हे नाटकी वाटतं, मग सवयीचं होतं.

शेवटचं काम होतं त्या तिघांचं. आजार शेजाऱ्यांना माहीत असणं वेगळं आणि रस्त्यात भेटल्यावर काय करायचं हे माहीत असणं वेगळं. मुलगा तिघांकडेही गेला. त्याला अवघड वाटत होतं, वडिलांची लाज चारचौघांत मांडल्यासारखं. पण सांगायचं थोडंच होतं. ते एकटे दिसले तर ते ठीक दिसतीलच, त्यावर जाऊ नका. कुठे निघालात असं विचारू नका, बरोबर चालायला लागा. या नंबरवर फोन करा. आणि त्यांना मागे फिरवू नका, डावीकडून डावीकडे वळसा घेत या.

काही महिन्यांनी एका दुपारी त्यांच्यापैकी एकाला आप्पा पुन्हा दिसले. तसेच, नीट बटणं लावलेले, कामाला निघालेले. तो म्हणाला, "मास्तर, मीही तिकडेच निघालोय," आणि बरोबर चालू लागला. चालता चालता त्याने फोन लावून दिला. आप्पा शाईच्या डब्यांविषयी काही सांगत होते. दोन कोपरे, तीन कोपरे, आणि फाटक आलं. फाटकाशी आप्पा थांबले आणि त्याचा हात धरून काळजीने म्हणाले, "सोबत झाली, बरं झालं. पण आता तुम्ही एकटे घरी कसे जाल?"

त्या रात्री वहीत नोंद झाली. '४.३५. वरची कडी लावलेली नव्हती, घंटा बंद होती. मी बाथरूममध्ये, हे फोनवर. माझ्याकडे असं कुणी म्हटलं नव्हतं. १४ मिनिटं.'